योक सॅक नाही, बाजूला रिंग आहे, रिपोर्टखाली दोन प्रश्नचिन्हं. हे वाचायचं कसं?

रेवा_
सकाळपासून चौथ्यांदा रिपोर्ट उघडून बघतेय आणि प्रत्येक वेळी डोक्यात वेगळंच काहीतरी येतंय म्हणून शेवटी धागा काढला. शेवटच्या पाळीच्या तारखेवरून आज ५ आठवडे ३ दिवस झालेत. टेस्ट आठवड्यापूर्वीच पॉझिटिव्ह आली होती, काल जरासं तपकिरी स्पॉटिंग दिसलं म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली, आधी पोटावरून केली त्यात धड काही दिसेना मग आतून केली.

रिपोर्टमधलं जसंच्या तसं देवनागरीत टाकते. गर्भाशयाच्या पोकळीत सॅकसारखी छोटी रचना, ५.४ बाय ४.१ बाय ३.१ मिमी, एमएसडी ४.२ मिमी. योक सॅक नाही, फीटल पोल नाही. उजव्या अ‍ॅडनेक्सात १७ बाय १५ मिमीची रिंगसारखी रचना, कडेनं व्हॅस्क्युलॅरिटी. पीओडीत, म्हणजे गर्भाशयामागच्या खळग्यात, किंचित फ्लुइड. आणि खाली इंप्रेशन: अर्ली जेस्टेशनल सॅक? स्यूडोसॅक? बीटा एचसीजीशी पडताळा, ७ ते १० दिवसांनी पुन्हा स्कॅन.

बीटा, म्हणजे गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी, आजच केलं, १६४० आलंय. परवा परत करायला सांगितलंय. स्यूडोसॅक शोधलं तर सगळीकडे एक्टोपिक एक्टोपिकच येतंय, म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर रुजलेला. मला दुखत वगैरे काही नाहीये. कुणी समजावून सांगेल का?

लॅबवाला
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रोज हे आकडे हातातून जातात. सरळ नियम आहे, बीटा १५०० च्या वर गेलं की आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयात सॅक दिसायलाच पाहिजे, नाही दिसली तर एक्टोपिक. तुमचं १६४० आहे आणि डॉक्टरला सॅकची खात्री नाही, वर बाजूला रिंग आहे आणि तिला रक्तपुरवठा पण आहे. त्याला रिंग ऑफ फायर म्हणतात, एक्टोपिकची खूण. घाबरवत नाहीये पण मी असतो तर ७ दिवस थांबलो नसतो.

गोधडी
रेवा अगं मला पण सेम असंच झालेलं, सॅक होती आत काहीच नाही, ब्लायटेड ओव्हम. मला १८ मिमीलाच सांगितलं की आता काही येणार नाही, चार दिवसांत क्युरेटिंग करून घेतलं. तू उगाच वाट बघत बसू नकोस, जेवढं लांबवशील तेवढा त्रास मनाला. तुझ्या गर्भाची वाढ कमी पडतेय असं वाटतं, प्रोजेस्टेरॉन सुरू केलंय का विचार.

काळापांढरा
थांबा थांबा सगळेच. मी सोनोलॉजिस्ट आहे, पंधरा वर्षं हेच काळंपांढरं बघतोय. रेवाताई, फोटो न बघता निदान करणार नाही, आणि बघितला तरी करणार नाही कारण एका थिजलेल्या फोटोत अर्धी गोष्ट नसतेच. पण रिपोर्ट वाचायला नक्की मदत करतो.

आधी योक सॅकचं, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणाऱ्या छोट्या पिशवीचं. "योक सॅक नाही" हे वाक्य वाचून तुमचा जीव उडालाय, पण ४.२ मिमीच्या सॅकमध्ये योक सॅक शोधायचीच नसते. एमएसडी म्हणजे सॅकची तीन मापं मिळवून तीननं भागलेली सरासरी, ५.४ आणि ४.१ आणि ३.१ मिळून १२.६, भागिले ३, बरोबर ४.२. आतून केलेल्या स्कॅनमध्ये योक सॅक सहसा ही सरासरी ८-१० मिमीच्या आसपास गेली की दिसते, कुणाची थोडी आधी कुणाची थोडी नंतर. सॅक या वयात दिवसाला साधारण १ मिमी वाढते. म्हणजे आत्ता योक सॅक नसणं हे "वाईट" नाही आणि "चांगलं" पण नाही, ते अजून काहीच नाही.

आता वय. आमच्याकडे एक ढोबळ हिशोब आहे, मिमीमधल्या सरासरीत ३० मिळवायचे की पाळीपासूनचे दिवस येतात. ३० अधिक ४ म्हणजे ३४ दिवस, ४ आठवडे ६ दिवस. तुमच्या तारखेवरून ३८ दिवस होतात. चार दिवसांचा फरक. ओव्हुलेशन चार दिवस उशिरा झालं असेल तरी एवढा येतो, आणि इतक्या बारक्या सॅकवर कर्सर अर्धा मिमी इकडेतिकडे ठेवला तरी थोडा येतो. पाळी नेहमी किती दिवसांनी येते?

बाकीचं रात्री लिहितो, पेशंट थांबलेत.

रेवा_
३१-३२ दिवसांनी येते, कधी ३३. हे मी डॉक्टरांना सांगितलंच नाही, त्यांनी शेवटची तारीख विचारली तेवढीच सांगितली.

काळापांढरा
मग तुमचा चार दिवसांचा हिशोब तिथेच लागला बहुतेक. २८ च्या ऐवजी ३२ दिवसांचं चक्र असेल तर अंडं चार दिवस उशिरा सुटतं.

लॅबवाले भाऊ, १५०० चा नियम तुम्ही जसा सांगितलात तसा मी पण शिकलो होतो, तो पूर्ण चूक नाही पण त्याच्यावर निर्णय घ्यायचे दिवस गेले. त्या आकड्याच्या वर सॅक दिसेना म्हणून एक्टोपिक समजून मेथोट्रेक्सेट दिलेलं, आणि नंतर कळलं की गर्भ गर्भाशयातच होता, अशा केसेस झाल्यात. ते औषध वाढत्या पेशींवरच घाव घालतं, हवाहवासा गर्भ असेल तर त्याचं काय होतं हे सांगायला नको. म्हणून अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं की असा आकडा वापरायचाच असेल तर ३५०० इतका वर धरा. आणि खालच्या बाजूनं पण नियम फसवतो, बीटा ५०० असताना फुटलेली नळी मी स्वतः बघितलीय. एकट्या आकड्यावर ना सोडायचं ना पकडायचं.

शिवाय रेवाताईंच्या केसमध्ये गर्भाशय रिकामं नाहीये, आत काहीतरी आहे. प्रश्न ते काय आहे हा आहे.

लॅबवाला
३५०० हे मला माहीत नव्हतं, आमच्या रिपोर्टच्या खालच्या टीपेत अजून १५०० ते २००० छापतात. पण रिंग ऑफ फायरचं काय, ते तर पुस्तकात आहे.

काळापांढरा
पुस्तकात आहे पण अर्धंच पान वाचलंत तुम्ही 🙂 अंडं सुटल्यावर ओव्हरीत जिथून ते सुटलं तिथे कॉर्पस ल्युटियम होतं, गर्भ राहिला की तेच पहिले काही आठवडे हार्मोन पुरवतं. ते गोल असतं, मध्ये काळं, कडेनं भरपूर रक्तवाहिन्या, कलर डॉप्लर लावला की पेटलेलं कडं दिसतं. म्हणजे प्रत्येक नॉर्मल गरोदर बाईकडे एक रिंग ऑफ फायर असतेच म्हणा ना. नळीतल्या गर्भाची रिंग पण तशीच पेटते. रंग बघून दोघांत फरक करता येत नाही, जागा बघून करता येतो.

आणि इथेच रेवाताईंच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचा शब्द गायब आहे. "उजव्या अ‍ॅडनेक्सात" म्हणजे गर्भाशयाच्या उजवीकडच्या भागात, त्यात ओव्हरी पण आली आणि नळी पण आली. रिंग ओव्हरीच्या आत आहे का बाहेर? आत असेल तर जवळजवळ नक्की कॉर्पस ल्युटियम, ओव्हरीच्या आतला एक्टोपिक फार दुर्मिळ असतो. बाहेर असेल, ओव्हरी वेगळी आणि त्याच्या शेजारी रिंग वेगळी, तर मात्र कान टवकारायचे. डॉक्टरांना फोन करून एवढा एकच प्रश्न विचारा.

सांजवात
हा धागा वाचून हात थरथरतायत पण लिहितेच, कारण माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मला ५ आठवडे ६ दिवसांना रिपोर्ट मिळाला होता "अर्ली इंट्रायुटेराइन सॅक, योक सॅक अजून नाही, दोन आठवड्यांनी या". प्रश्नचिन्ह नाही काही नाही. आम्ही खुशीत घरी. बीटा पण ४८ तासांत जवळपास दुप्पट झालेलं, म्हणून मी अगदी निर्धास्त. नऊ दिवसांनी डाव्या बाजूला दुखायला लागलं, आधी वाटलं गॅस असेल, मग उजव्या खांद्याच्या टोकाला विचित्र दुखणं, जे मी मानेखाली उशी नीट नव्हती म्हणून असं समजले. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. पोटात खूप रक्त साठलं होतं, नळी काढावी लागली.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी जुन्या स्कॅनचे फोटो शांतपणे दाखवले. जिला सॅक म्हटलं होतं ती गोल नव्हतीच, लांबट होती, एका टोकाला निमुळती, बरोबर मधोमध, आणि आत बारीक करडे ठिपके. आणि डाव्या ओव्हरीला लागून छोटं कडं होतं ज्याचं रिपोर्टमध्ये नावच नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की गर्भाशयात काहीतरी दिसलं की बघणारा सुटकेचा श्वास सोडतो आणि बाजूला नीट बघतच नाही.

रेवा, मी तुला घाबरवत नाहीये गं, तुला निदान दोन प्रश्नचिन्हं तरी मिळाली.

गोधडी
बापरे सांजवात. खांदा का पण?

काळापांढरा
सांजवात, लिहिलंत ते फार बरं केलंत. खांद्याचं असं की पोटात रक्त साठलं की ते वर डायफ्रॅमला जाऊन चिडवतं, आणि डायफ्रॅमची नस मानेतून येते, खांद्याच्या त्वचेच्या नसांच्या शेजारून, त्यामुळे मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. पॉझिटिव्ह टेस्ट असताना खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर, शौचाला जोरात आल्यासारखा दाब, यातलं काही झालं तर पुढच्या स्कॅनची तारीख विसरायची आणि तडक निघायचं. रेवाताई, हे तुमच्यासाठी पण.

आता खरी सॅक आणि खोटी सॅक. गर्भाशयाची पोकळी म्हणजे रिकामी खोली नसते, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटलेल्या असतात, मध्ये फक्त फट, स्कॅनमध्ये ती पांढऱ्या रेघेसारखी दिसते. दोन गाद्या एकावर एक ठेवल्यात असं समजा. गर्भ रुजतो तो या फटीत तरंगत नाही, तो एका गादीच्या कापसात घुसतो. म्हणून खरी सॅक गोटी खुपसल्यासारखी गोल किंवा लंबगोल असते, रेघेच्या एका बाजूला, आणि तिला स्वतःची जाड पांढरी कड असते. एक्टोपिकमध्ये गर्भ बाहेर असतो पण हार्मोनमुळे गाद्या फुगतातच, आणि कधीकधी फटीत थोडं रक्त किंवा पाणी साचतं. ते फटीचाच आकार घेतं, मधोमध, टोकं निमुळती, प्रोबचा दाब दिला की आकार बदलतो. सांजवात यांनी वर्णन केलं ते तंतोतंत हेच.

पण एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाही, पेच आहे. पॉझिटिव्ह टेस्ट असलेल्या बाईच्या गर्भाशयात गोल काळं काहीतरी दिसलं, तर बहुतेक वेळा ती खरी सॅकच निघते, अगदी पुस्तकातल्या दुहेरी कडा वगैरे दिसल्या नाहीत तरी. स्यूडोसॅक ही कमी वेळा दिसणारी गोष्ट आहे. म्हणून हल्ली बरेच जण म्हणतात की गोल असेल तर "बहुधा गर्भाशयातली गर्भधारणा" असं लिहा आणि स्यूडोसॅक शब्द उगाच फेकू नका.

ओटी_नं_३
गायनॅकला रेसिडेंट आहे. काळापांढरा सरांशी बऱ्यापैकी सहमत पण शेवटच्या मुद्द्यावर नाही. रात्री तीनला मला जो रिपोर्ट मिळतो त्यात "बहुधा गर्भाशयातली" असं असेल ना, तर कॅज्युअल्टीतला ज्युनियर त्यातलं "बहुधा" खाऊन टाकतो आणि पेशंटला घरी पाठवतो. स्यूडोसॅक लिहिलेलं असलं की निदान कुणीतरी बाजू परत बघतं. सांजवात यांच्यासारख्या दोन केसेस मी ओटीत बघितल्यात, तिथून परत आल्यावर प्रश्नचिन्ह आवडायला लागतात.

काळापांढरा
आणि मी प्रश्नचिन्हामुळे घाईत मेथोट्रेक्सेट दिलेली केस बघितलीय. आपण दोघांनी आपापली भुतं बघितलीत. माझ्या मते उपाय शब्दात नाही, "योक सॅक दिसेपर्यंत पक्कं नाही, अ‍ॅडनेक्सा असा असा दिसला" हे स्पष्ट लिहिण्यात आहे.

ओटी_नं_३
हे लिहिलं तर आमचं भांडणच नाही सर. लिहितात कुठे पण.

चिंतातुर_नवरा
मध्येच विचारतो. आमचं आयव्हीएफ आहे, दोन एंब्रिओ ट्रान्सफर केलेत. गर्भाशयात योक सॅक दिसली की एक्टोपिकचा विषय संपला असं धरायचं ना?

काळापांढरा
नैसर्गिक गर्भधारणेत जवळजवळ संपला. तुमच्यात नाही. दोन एंब्रिओ असले की एक आत एक बाहेर असं होऊ शकतं, निसर्गतः हे इतकं विरळ असतं की आम्ही विसरूनच जातो, आयव्हीएफमध्ये विसरून चालत नाही. आत योक सॅक दिसली तरी दोन्ही बाजू नीट बघून घ्या असं आवर्जून सांगा. वेगळा धागा काढा, इथे भरकटेल.

गोधडी
मला एक टोचतंय. वर तुम्ही म्हणालात ४ मिमीला काहीच ठरत नाही. मग माझं १८ मिमीला ठरवलं ते बरोबर होतं का?

काळापांढरा
ताई, तुमच्या वेळचे कागद माझ्यापुढे नाहीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत काय होतं ते मी सांगू शकत नाही, तारखा पक्क्या असतील किंवा आधीचा स्कॅन असेल तर वेगळी गोष्ट. नियमाचं सांगतो. पूर्वी १६ ते २० मिमीच्या सॅकमध्ये गर्भ नसला की आशा सोडायचे. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तज्ज्ञांच्या गटाचे नवे निकष आले, त्यात ही रेघ २५ मिमीवर नेली, कारण जुन्या मर्यादेच्या पलीकडेही थोडे गर्भ नंतर धडधडताना सापडले होते. दुसरा रस्ता वेळेचा आहे, योक सॅक नसलेली सॅक दिसल्यावर दोन आठवडे किंवा जास्त गेले आणि तरी धडधड असलेला गर्भ नाही, तर मग नक्की. १६ ते २४ च्या मधली रिकामी सॅक म्हणजे संशय, निकाल नाही.

पण तुमचा प्रश्न आणि रेवाताईंचा प्रश्न वेगळे आहेत. तुमच्याकडे गर्भ योग्य जागी होता, जगणार का हा प्रश्न होता. यांच्याकडे आधी जागा ठरायचीय. म्हणून प्रोजेस्टेरॉनचा सल्ला इथे लागू होत नाही, जागा ठरण्याआधी तर अजिबात नाही.

गोधडी
कळलं. मी घाईत वाचलं, सॉरी रेवा. माझं कधीचं झालंय ते, पण आज रात्री कागद काढून बघणार बहुतेक.

रेवा_
तिसरा दिवस. फोन करून विचारलं, त्यांनी सांगितलं की ओव्हरी गॅसमुळे नीट दिसत नव्हती, रिंग तिच्या "जवळ" होती एवढंच आठवतंय. त्यानं उलट भीतीच वाढली.

आणि आज दुपारपासून उजवीकडे खाली बारीक दुखतंय. खूप नाही, दहापैकी तीन म्हणा. चक्कर नाही, खांदा ठीक आहे, स्पॉटिंग थांबलंय. बीटाचा रिपोर्ट संध्याकाळी येईल. संध्याकाळपर्यंत थांबू का?

सांजवात
नाही. नाही. जा.

ओटी_नं_३
थांबू नका. तीन असू दे नाहीतर एक, जागा ठरलेली नाही आणि एका बाजूला दुखतंय एवढं पुरेसं कारण आहे. सोबत कुणाला तरी घेऊन जा, गाडी स्वतः चालवू नका. कदाचित काहीच नसेल, कॉर्पस ल्युटियम पण त्याच बाजूला दुखतं, पण ते तिथे जाऊन कळू दे. जुना रिपोर्ट आणि ब्लड ग्रुपचा कागद घ्या, निगेटिव्ह असेल तर ते लगेच सांगा.

लॅबवाला
जा ताई. बीटाचा रिपोर्ट लॅब फोनवर सांगू शकते, तिथून मागवा.

रेवा_
आले परत, रात्रीचे अकरा वाजलेत. आधी हे सांगते की मी बरी आहे. आता सविस्तर.

बीटा २७९०. दुसऱ्या डॉक्टर होत्या, त्यांनी परत आतून स्कॅन केला आणि मी धीर करून विचारलं की रिंग ओव्हरीत आहे का बाहेर. त्या हसल्या, म्हणाल्या कुठून शिकलात. मग त्यांनी एका हातानं बाहेरून पोटावर हलकं दाबलं आणि प्रोबनं आतून ढकललं, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ओव्हरी आणि ती रिंग दोन्ही एकदमच सरकत होत्या, एकाच तुकड्यासारख्या. म्हणाल्या वेगळी असती तर एक दुसऱ्यावरून घसरली असती. रिंगच्या बाजूला ओव्हरीतल्या बारीक काळ्या फॉलिकल पण दाखवल्या. पाणी थोडंसंच आहे आणि स्वच्छ काळं आहे, त्यात करडं काही नाही.

गर्भाशयातली सॅक आता ६.३ मिमी. रेघ दाखवली, सॅक रेघेच्या मागच्या बाजूला होती, गोल. योक सॅक अजून नाहीच. त्यांनी लिहिलंय "बहुधा गर्भाशयातली गर्भधारणा, योक सॅक दिसेपर्यंत पक्कं नाही, उजव्या ओव्हरीत कॉर्पस ल्युटियम". सात दिवसांनी बोलावलंय, आणि दुखणं वाढलं तर लगेच.

लॅबवाला
१६४० वरून २७९०, दोन दिवसांत ७० टक्के वाढ. दुप्पट नाही झालं म्हणून घाबरू नका, सुरुवात १५०० ते ३००० मध्ये असेल तर ४८ तासांत निदान ४० टक्के वाढ अपेक्षित असते, हे मात्र मला पक्कं माहितीये 😄

काळापांढरा
हे अगदी बरोबर. फक्त उलटं वाचू नका, चांगली वाढ म्हणजे एक्टोपिक नाही असं नसतं, सांजवात यांचं बीटा पण छान वाढत होतं. या केसमध्ये आकड्यापेक्षा मला त्या सरकणाऱ्या ओव्हरीनं जास्त हायसं वाटलं. ज्यांनी ते केलं त्यांना माझा नमस्कार. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत सगळ्यात आधी तेच गळतं.

दोन दिवसांत ४.२ ची ६.३ झाली, तीही चालीला धरून आहे. सात दिवसांनी १२-१३ मिमीच्या आसपास असायला हवी, तेव्हा योक सॅक दिसलीच पाहिजे.

सिझर_एकदा
माझी शंका जरा वेगळी आहे. पहिलं बाळ सिझरनं झालंय, आता ६ आठवडे, सॅक आत आहे, योक सॅक पण आहे असं लिहिलंय, फक्त "सॅक खालच्या भागात" एवढा शेरा आहे. म्हणजे गर्भाशयातच ना, मग निश्चिंत?

काळापांढरा
योक सॅक असली म्हणजे ती खरी सॅक आहे एवढंच कळतं. खालच्या भागात आणि आधीचं सिझर हे दोन शब्द एकत्र आले की मी थांबतो. सॅक जुन्या टाक्यांच्या जागी रुजलीय का हे बघायचं असतं, तिच्या आणि मूत्राशयाच्या मध्ये स्नायूचा थर किती उरलाय ते मोजून घ्या, आणि वरची पोकळी रिकामी आहे का विचारा. थर पातळ असेल तर हा विषय आठवड्यावर टाकायचा नाही. आज-उद्याच दाखवा, जमलं तर जिथे असे स्कॅन जास्त होतात तिथे.

सिझर_एकदा
उद्या सकाळची वेळ घेतली.

रेवा_
आज तिसरा स्कॅन झाला. पहिल्या स्कॅनपासून नववा दिवस.

सॅक १४ मिमी. योक सॅक ३.२ मिमी, छोटी पांढरी बांगडी ठेवावी तशी दिसते, आणि तिच्या कडेला ३.८ मिमीचा तांदळाएवढा ठिपका जो फडफडत होता. मिनिटाला ११२ ठोके. आवाज नाही ऐकवला, म्हणाल्या एवढ्या लवकर आवाजासाठीचा डॉप्लर मुद्दाम वापरत नाही, हलणाऱ्या रेघांवरच मोजलं. उजवी रिंग ओव्हरीतच आहे.

मी विचारलं की तारीख चार दिवसांनी पुढे न्यायची का. त्या म्हणाल्या या वयात पाच दिवसांपर्यंतचा फरक सोडून देतात, पाळीचीच तारीख ठेवू. पण माझं चक्र ३२ चं आहे हे आता फाईलवर पहिल्या ओळीत लिहिलंय.

पहिल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवू का? त्यांची चूक होती असं म्हणायचं नाहीये, पण "ओव्हरी नीट दिसली नाही" हे त्यांनी कागदावर लिहिलं असतं तर मी दोन दिवस आधीच दुसरीकडे गेले असते.

ओटी_नं_३
दाखवा. मला कुणी आणून दाखवलं तर मला आवडेल. सगळ्यांना आवडेल असं नाही.

काळापांढरा
मला पण आवडेल, पण पहिले पाच मिनिटं राग येईल हे खरं सांगतो. सिझर_एकदा, तुमचं काय झालं?

गोधडी
ती तीन दिवस ऑनलाइन दिसलेली नाहीये.